कॉलमच्या सळयांच्या जोडात कॉन्ट्रॅक्टरने केलेली फसवणूक, बांधकाम चालू असेल तर वाचा

बडोद्याला कारेलीबागेत माझ्या दादाच्या घराचं बांधकाम चालू आहे, पहिल्या मजल्याचे कॉलम उभे होत होते तेव्हा आमचे भावोजी (स्वतः सिव्हिलवाले) सहज साइटवर आले आणि टेप काढून सळयांचा जोड मोजायला लागले. निघाला दीड फूट. ड्रॉइंगमध्ये ३ फूट होता आणि कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातही ३ फूटच लावला होता!

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सळई १२ मीटरची येते, म्हणून वर जाताना खालची सळई आणि वरची सळई काही अंतर शेजारी शेजारी ठेवतात, त्याला लॅप म्हणतात. बरेच जण समजतात की बाइंडिंग वायरने घट्ट बांधलं म्हणजे जोड झाला, पण वायर फक्त काँक्रीट पडेपर्यंत सळई जागेवर धरते, खरा भार एका सळईतून काँक्रीटमध्ये आणि काँक्रीटमधून दुसऱ्या सळईत जातो. म्हणून लांबी लागतेच. एम२० काँक्रीट आणि एफई ५०० सळई असेल तर ताणासाठी साधारण सळईच्या जाडीच्या ५७ पट, म्हणजे १६ एमएमला ९१२ एमएम, तेच ३ फूट. भूकंपात कॉलम वाकतो, एका बाजूच्या सळयांना ताण बसतो, तेव्हा अर्धा लॅप असेल तर सळई काँक्रीटमधून सरकू शकते. बडोदा भूकंपाच्या झोन ३ मध्ये मोडतं, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त चीड आणणारी. आठही सळयांचे जोड त्याने स्लॅबच्या लगेच वर, एकाच लेव्हलला दिले होते. भूकंपात सर्वात जास्त ताण तिथेच येतो, म्हणून भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं भारतीय मानक आयएस १३९२० सांगतं की जोड कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीतच द्यायचा, एका ठिकाणी अर्ध्यापेक्षा जास्त सळया जोडायच्या नाहीत आणि लॅपभर रिंगा १०० एमएमपेक्षा लांब नकोत. आमच्याकडे त्या हातभर अंतरावर होत्या.

हिशोब बघा, १२ कॉलम, प्रत्येकी ८ सळया, प्रत्येक जोडात दीड फूट कमी म्हणजे १४४ फूट, १६ एमएमची सळई मीटरला १.५८ किलो, म्हणजे एका मजल्यात जवळपास ७० किलो लोखंड न लावता पैसे घेतले. विचारलं तर म्हणे "साहेब, सगळीकडे असंच चालतं".

शटरिंग लागलं नव्हतं म्हणून पकडलं गेलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने काम थांबवलं, खालून आलेल्या सळया आता लांब होणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी लेखी डिटेल देऊन दोन सळया टोकाला टोक जोडणारे, टेस्ट सर्टिफिकेटवाले कपलर लावायला सांगितले, तो खर्च कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून कापला. तुमच्याकडे शटरिंग बंद होण्याआधी प्रत्येक कॉलमचा जोड टेप लावून मोजा, टेपसकट फोटो काढून इंजिनिअरला पाठवा आणि त्यांचा होकार आल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नका.