आत्याच्या फोनसाठी पान: जतन, वाचन-मोड की भाषांतर?

आमची आत्या बडोद्यात दांडिया बाजारात राहते. गुजराती फाडफाड बोलते, पण वाचायला तिला मराठीच लागतं. मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यावी, यावरचं एक लांबलचक इंग्रजी पान तिला पुण्याच्या गाडीत वाचायचं होतं. कर्जत ओलांडून घाट लागला की बोगद्यांत नेट जातं, म्हणून पान आधीच फोनमध्ये हवं होतं. या एका पानासाठी मी तिन्ही वाटा करून पाहिल्या.

पहिली वाट म्हणजे आहे तसं पान जतन करणं. क्रोममध्ये `Ctrl+S` दाबलं की खाली तीन पर्याय दिसतात. `Webpage, Complete` घेतलं तर एक फाइल आणि शेजारी `_files` नावाचं फोल्डर तयार होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती फाइल पाठवली की फोल्डर मागे राहतं आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन येतात. `Webpage, Single File` सगळं एकाच `.mhtml` फाइलमध्ये कोंबतं. स्वतःच्या संगणकावर क्रोममध्येच उघडायचं असेल तर हाच पर्याय उत्तम. पण फायरफॉक्स ही फाइल उघडत नाही, आणि समोरच्याच्या फोनवर उघडेल याचीही खात्री नाही. दुसऱ्याला पाठवायचं असेल तर `Ctrl+P` दाबून पीडीएफ करावी. मात्र ए४ आकाराची पीडीएफ फोनवर वाचताना दर ओळीला बोटांनी मोठं करावं लागतं, म्हणून कागदाचा आकार ए५ निवडायचा. आत्याचा चष्मा लक्षात घेऊन मी तेच केलं.

दुसरी वाट वाचन-मोडची. फायरफॉक्समध्ये विंडोजवर `F9` दाबलं की जाहिराती, बाजूच्या पट्ट्या, ‘हेही वाचा’ सगळं गळून पडतं आणि मजकूर मोठ्या अक्षरात उरतो. तिथूनच पीडीएफ केली की पानांची संख्या चांगलीच घटते. पण यातला मजकूर ब्राउझर अंदाजाने निवडतो. या पानावरचे ‘अधिक वाचा’चे मिटलेले भाग त्या अंदाजातून सुटले, आणि त्यातच जखम दिसल्यावर काय करायचं ते होतं! म्हणून मूळ पानाचा शेवटचा मथळा लक्षात ठेवा आणि वाचन-मोडमध्ये तो सापडतो का बघा. सरळ लेखासाठी हा मोड छान. तक्ते आणि प्रश्नोत्तरांच्या पानांवर मी त्याच्यावर भरवसा टाकत नाही.

तिसरी वाट, पूर्ण पानाचं भाषांतर. क्रोममध्ये पानावर उजवी कळ दाबून भाषांतराचा पर्याय घ्यायचा आणि भाषा मराठी निवडायची. लक्षात ठेवायचं ते हे, की मराठी मजकूर फक्त समोरच्या खिडकीत असतो, मूळ वेबसाइटवर नसतो. म्हणून `Webpage, HTML Only` घेतलं तर इंग्रजीच जतन होतं. तेव्हा आधी मिटलेले भाग उघडा, मग भाषांतर करा, सावकाश तळापर्यंत सरकून सगळं मराठीत आलंय ना ते पाहा, आणि मग पीडीएफ. चित्रांच्या आत लिहिलेली अक्षरं मात्र इंग्रजीच राहतात.

पाठवल्यावर तासाभरात आत्याचा फोन आला. “अगं, पायावरचा मका कापू नका म्हणतायत. पायावर मका कुठून आला?”

मूळ इंग्रजीत ‘कॉर्न’ होतं, म्हणजे आपलं कुरूप. या चुकीवर हसून सोडता येतं, पण ‘नका’ गळलं असतं तर ते हसण्यावारी गेलं नसतं. म्हणून आता मी औषध, मात्रा किंवा पैशांबद्दलचं पान असेल तर मूळ इंग्रजीची पीडीएफही सोबत पाठवते आणि ‘करा’, ‘करू नका’ची वाक्यं स्वतः ताडून बघते.

अजून एक. क्रोममध्ये भाषांतर करताना पानावरचा मजकूर गुगलच्या सर्व्हरकडे जातो. सार्वजनिक लेखाला त्याने काही फरक पडत नाही. पण लॉगिन करून उघडलेला लॅबचा रिपोर्ट किंवा बँकेचं पान मी तसं भाषांतरित करत नाही. फायरफॉक्स भाषेची फाइल उतरवून घेऊन संगणकावरच भाषांतर करतो. फक्त तुमच्या आवृत्तीच्या यादीत मराठी आहे का, ते आधी पाहा.

तर निवड अशी करा: वाचणाऱ्याला मूळ भाषा येत असेल आणि सरळ लेख असेल, तर वाचन-मोडमधून पीडीएफ. तक्ते किंवा मिटणारे भाग असतील तर ते उघडून आहे तसं पान जतन करा. भाषाच अडत असेल तर भाषांतर, पण मूळ प्रतीसह. काहीही पाठवलं तरी फोन विमान-मोडवर टाकून फाइल एकदा तळापर्यंत उघडून बघायला सांगा. आत्याने ते घरीच केलं, म्हणून मक्याचा घोटाळा गाडीत बसायच्या आधी निस्तरला.