११ टक्क्यांचं कर्ज महाग, १३.५ टक्क्यांचं स्वस्त

रावेरला केळीचे वेफर्स बनवायचं यंत्र घ्यायचंय. कर्ज २ लाख, मुदत २४ महिने, दोन्हीकडे घटत्या शिलकीवर व्याज.

पहिला प्रस्ताव ११ टक्क्यांचा, हप्ता ९,३२२ रुपये. पण प्रोसेसिंग फी ५,०००, तिच्यावर जीएसटी ९०० आणि विमा ४,१०० आधीच कापतात. हातात १,९०,००० येतात. दुसरा १३.५ टक्क्यांचा, हप्ता ९,५५५, कपात जीएसटीसह फक्त ५९०. हातात १,९९,४१०.

एक्सेलमध्ये पहिला प्रस्ताव B रकान्यात, दुसरा C मध्ये भरा. B1 मध्ये हातात आलेली रक्कम, B2 मध्ये हप्ता, B3 मध्ये हप्त्यांची संख्या. मग B4 आणि B5 मध्ये:

```
=RATE(B3,-B2,B1)
=(1+B4)^12-1
```

हीच सूत्रं C4 आणि C5 मध्ये कॉपी करा. B4 मासिक दर, B5 वर्षाचा खरा खर्च. पहिल्याचा १७.५ टक्के निघतो, दुसऱ्याचा १४.७. पहिल्याच्या हप्त्यात २३३ रुपये वाचून २४ महिन्यांत ५,५९२ मिळतात, कपात मात्र ९,४१० ने जास्त!

सगळ्यात जास्त चूक B1 मध्ये होते: लोक २ लाखच टाकतात, आणि फी हिशोबातून गायब होते. हप्त्यापुढचं वजाचिन्ह टाकायचं विसरलं तर #NUM! दिसतं. B4 मध्ये नुसता १% दिसला तर दशांश वाढवा.

केळीचा भाव चांगला लागला म्हणून वर्षभरातच कर्ज फेडलं, तर पहिला आणखी महाग पडतो. आगाऊ कापलेली फी परत मिळत नाही, ती कमी महिन्यांवर बसते.