आठ महिने मिनीगोल्फचा पास वापरल्यावर: सगळं ठीक, अकराव्या होलची फळी सोडून

पासची मुदत संपत आली आहे, नवा काढायचा की नाही हे अजून ठरत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. मिनीगोल्फ म्हणजे काय, पटर कसा धरायचा हे सांगत बसत नाही. कार्पेट चांगलं आहे, पवनचक्की वेळेवर फिरते, पटरच्या मुठी गुळगुळीत झाल्या आहेत पण चालतं. अठरापैकी सतरा होलांबद्दल माझी तक्रार नाही. जे आहे ते अकराव्याचं.

गेल्या रविवारी मेहुण्याबरोबर खेळलो आणि ४९ विरुद्ध ४८ असा एका फटक्याने हरलो. अकराव्यावर मला ७ पडले. "सात कसे? बोर्डावर तर कमाल सहा लिहिलंय," मी म्हटलं. "दाजी, सहा फटके मारून बॉल गेला नाही की सात लिहायचे," तो म्हणाला. काउंटरवरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणे, दोन्ही चालतं. दोन्ही कसं चालेल? एकात बरोबरी होते, दुसऱ्यात मी हरतो!

घरी येऊन नीट विचार केल्यावर मेहुण्याचं म्हणणं पटलं, आणि ते कबूल करायला आवडलं नाही. जागतिक मिनीगोल्फ फेडरेशनच्या नियमात प्रत्येक होलला सहा फटके मिळतात. सहाव्यानेही बॉल गेला नाही तर एक गुण वाढवून सात लिहायचे आणि पुढच्या होलला जायचं. म्हणजे अठरा होलची फेरी कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त १२६. त्या एका जादा गुणाला अर्थ आहे. सहाव्यात बॉल गेला तरी सहा आणि नाही गेला तरी सहा, असं असेल तर सहावा फटका मारायचाच कशाला? बॉल उचलून खिशात टाकला तरी कार्डावर तेच. बऱ्याच ठिकाणी निव्वळ मजेसाठी खेळणाऱ्यांना सहावरच थांबवतात, मागे रांग खोळंबू नये म्हणून. तेही ठीक, पण पहिला बॉल टेकवायच्या आधी काय ते ठरवा. अकराव्यावर अडकल्यावर ठरवायला गेलात की घरात भांडण होतं, माझं झालं.

आता त्या होलबद्दल. पट्टा सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद, टीपासून होल चार मीटरवर. तीन मीटरवर एक लाकडी ठोकळा आडवा टाकलाय. तो डाव्या कडेपासून जवळजवळ उजव्या कडेपर्यंत येतो, उजवीकडे फक्त वीतभर, म्हणजे २५ सेंटीमीटरची फट. होल त्या फटीच्या पलीकडे, उजव्या कडेपासून ३० सेंटीमीटर आत. टीच्या मध्यापासून उजवी कड ६० सेंटीमीटरवर. सरळ मारलात तर बॉल ठोकळ्यावर आपटतो. दोन फटक्यांत काम होतं: एकाने फटीतून पलीकडे, दुसऱ्याने होलमध्ये. पण एका फटक्यात हवं असेल तर उजव्या कडेच्या फळीवर टप्पा देऊनच जावं लागतं.

टप्पा कुठे द्यायचा याचा हिशेब आरशासारखा. कडेला आरसा आहे असं धरा, त्यात होलची प्रतिमा जिथे दिसेल तिकडे मारा. एक गोष्ट लोक विसरतात: फळीला बॉलचा मध्य लागत नाही, बाहेरची बाजू लागते. म्हणून आरसा फळीवर न धरता फळीच्या दोन सेंटीमीटर आत धरायचा, कारण बॉल साधारण चार सेंटीमीटरचा असतो. त्या रेषेपासून बॉल ५८ आणि होल २८ सेंटीमीटरवर. दोन्हींची बेरीज ८६. चार मीटरचे ५८ भागिले ८६ केले की टीपासून २७० सेंटीमीटरवर टप्पा येतो.

मी टेप घेऊन गेलो (मुलगी लांब जाऊन उभी राहिली), २७० वर खडूची खूण केली आणि दहा बॉल तिथेच मारले. एकही होलमध्ये गेला नाही. सगळे होल आणि कड यांच्यामधून, होलच्या मध्यापासून दहा-अकरा सेंटीमीटरवरून पुढे. आधी वाटलं माझा हात वाकडा आहे. हात नव्हता, हिशेब अपुरा होता.

लोळत येणारा बॉल पुढे सरकता सरकता स्वतःभोवतीही फिरत असतो. फळीवर आपटला की फळीच्या दिशेची त्याची गती उलटते, आणि उलटताना घटते, कारण लाकूड थोडी ऊर्जा खाऊन टाकतं. पण फिरकी लगेच उलटत नाही. ती अजून फळीकडेच लोळण्याची असते, त्यामुळे कार्पेटला घासून ती परतणाऱ्या बॉलला मागे ओढते. फळीला समांतर असलेली गती मात्र बरीचशी टिकते. परिणाम असा की बॉल ज्या कोनात आला त्यापेक्षा चपट्या कोनात, कडेला चिकटून निघतो. आमच्या फळीवर परतीचा उतार येण्याच्या उताराच्या साधारण सहा दशांश पडला. तोच आकडा धरून पुन्हा हिशेब केला तर टप्पा २७० वर नाही, २२० वर यायला हवा. अर्धा मीटर अलीकडे! खूण २२० वर नेली आणि तिसराच बॉल आत गेला. हा ०.६ आकडा आमच्या फळीचा, आमच्या कार्पेटचा. तुमच्या मैदानावर दहा बॉल मारून तुमचा काढा.

जोरात मारल्यावर कोन सुधारतो, हेही खरं. बॉल अजून घसरतच असतो, पूर्ण लोळायला लागलेला नसतो, म्हणून फिरकी कमी. पण तेवढ्या वेगाने तो होलवरून उडी मारून जातो. फायदा काय?

आता मूळ दुखणं. ती कड दोन फळ्यांची आहे आणि सांधा नेमका २२० वर. पाणी लागून दुसरी फळी फुगली आहे आणि पहिलीपेक्षा दोन मिलिमीटर आत आली आहे. दोनच मिलिमीटर, पण २१ मिलिमीटर त्रिज्येच्या बॉलला ती कोपऱ्यावर भेटते तेव्हा त्याच्यासाठी जणू भिंतच सुमारे २५ अंश त्याच्याकडे तोंड करून उभी राहते. बॉल फटीकडे जायचं सोडून पट्ट्यावर आडवा पळतो. गेल्या रविवारी पहिला फटका असाच सांध्याला लागून डाव्या कडेला गेला. दुसरा ठोकळ्याला अडला, तिसरा फटीतून गेला आणि पलीकडे कडेला चिकटला, चौथ्यात जेमतेम दहा सेंटीमीटर सरकला, पाचवा होलच्या बाजूने गेला, सहावा काठावर फिरून बाहेर. सात.

तक्रार केली. एकदा नाही, चारदा. पहिल्यांदा "बघतो", दुसऱ्यांदा "सगळ्यांना तोच सांधा आहे, तुम्हालाच का?", तिसऱ्यांदा वहीत नोंद, चौथ्यांदा वही सापडेना. पासचे पैसे आधी घेतले की माणूस ऐकेनासा होतो. त्या दिवशी ठरवलं होतं, एक तारा द्यायचा.

मग स्वतःचीच वही काढली. मी अकराव्याची नोंद ठेवतो, हसू नका. २४ फेऱ्यांत सांधा लागला होता चारदा. आणि हे बरोबरच आहे, कारण सांध्याचा धोका दोन-तीन सेंटीमीटरचाच आणि माझी नेमबाजी दहा सेंटीमीटर इकडे-तिकडे. बाकीचे पाच, सहा, सात कुठून आले? बहुतेक वेळा बॉल कडेला चिकटून. चिकटल्यावर पटर मागे मावत नाही, फटका अर्धवट बसतो. आणि मी तो तसाच मारत होतो, कारण मला वाटत होतं की हात लावला की एक वाढतो. बोर्डाच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय: कडेपासून पटरच्या डोक्याएवढा बॉल आत सरकवा, फटका धरू नये. आठ महिने वाचलं नव्हतं. मेहुण्याला माहीत होतं, तो बोलला नाही.

दुसरा उपाय मुलीने सुचवला. "बाबा, बॉल मध्येच ठेवायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?" टीचा पांढरा चौकोन अर्धा मीटर रुंद आहे, त्यात बॉल कुठेही ठेवता येतो. तो २० सेंटीमीटर उजवीकडे, कडेपासून ४० वर ठेवला की सहा दशांशच्या हिशेबाने टप्पा १८० च्या आसपास येतो. सांध्याच्या चाळीस सेंटीमीटर अलीकडे, अखंड फळीवर. परतीचा बॉल ठोकळ्याजवळ फटीतून कडेपासून सतरा सेंटीमीटरवर जातो, बाहेरची बाजू धरली तरी जागा उरते. तेव्हापासून तीनदा एका फटक्यात गेला. म्हणजे एक ताऱ्याचे तीन झाले, फळीमुळे नाही, मुलीमुळे.

हे अर्धं लिहून झालं आणि काल पाहिलं तर फळी बदललेली! चौथ्या तक्रारीची वही बहुधा सापडली. एकच अखंड, नवी, टणक फळी. खडूची खूण १८० वर करून पाच बॉल मारले. पाचही होलच्या डावीकडून गेले. नवी फळी बॉल जास्त उसळवते, सहा दशांश आता सात-आठच्या मध्ये कुठेतरी आहे, म्हणजे टप्पा १८० च्या पुढे न्यायला हवा. शनिवारी टेप घेऊन जाणार आहे. पास नवा काढावा लागणार असं दिसतंय, आणि तारे तोपर्यंत तीनच.