विधान आणि कारण: एका दमात वाचावं की तोडून तपासावं?

विधान-कारणाच्या प्रश्नाला हात घालायच्या दोन पद्धती कोल्हापुरातली पोरं वापरताना दिसतात. पहिलीत दोन्ही वाक्यं सलग वाचायची आणि गोष्ट जुळते का ते बघायचं. दुसरीत आधी विधान एकटं तपासायचं, मग कारण एकटं, आणि दोन्ही खरी निघाली तरच त्यांच्यातला दुवा तपासायचा. दहावी सीबीएसई असो वा नीट, आपल्या मुलाने कोणती सवय लावावी हे ठरवायचं असेल, तर दोन्ही पद्धती एकाच प्रश्नावर चालवून बघणं बरं.

पर्याय साधारण असे असतात: (1) दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण आहे, (2) दोन्ही बरोबर पण कारण हे योग्य स्पष्टीकरण नाही, (3) विधान बरोबर, कारण चूक, (4) विधान चूक, कारण बरोबर.

आता हा प्रश्न घ्या.

विधान: फुफ्फुसधमनी ऑक्सिजनविरहित रक्त वाहून नेते.
कारण: धमन्या हृदयापासून रक्त दूर नेतात.

सलग वाचणारा इथे हमखास पहिल्या पर्यायावर जातो. "सर, वाचल्यावर बरोबरच लागतंय की," असं त्याचं उत्तर असतं. त्याचं लागणंही खोटं नाही. दोन्ही वाक्यांत धमनी आहे, दोन्ही वाक्यं पाठ्यपुस्तकातली आहेत, विषय एकच आहे. डोकं एवढ्यावरच समाधान मानतं.

तोडून तपासणारा पहिल्यांदा कारणावर हात ठेवतो आणि फक्त विधान बघतो. फुफ्फुसधमनी उजव्या जवनिकेतून निघते आणि रक्त ऑक्सिजन घेण्यासाठी फुफ्फुसांकडे नेते. म्हणजे विधान खरं. मग विधान झाकून कारण बघतो. धमनीची व्याख्याच ती आहे, तेही खरं. उरले पर्याय 1 आणि 2.

खरं काम इथून पुढे आहे. नुसतं मध्ये 'कारण' घालून वाक्य जोडलं की ते अजूनही गोड वाटतं, म्हणून मी उलटा प्रश्न विचारायला सांगतो: कारण तसंच ठेवलं, तर विधान बदलू शकतं का? महाधमनीही हृदयापासूनच रक्त दूर नेते, पण तिच्यात ऑक्सिजनयुक्त रक्त असतं. म्हणजे 'हृदयापासून दूर' या गोष्टीवरून रक्त कोणत्या प्रकारचं हे ठरतच नाही. त्या नळीला धमनी का म्हणतात, एवढंच या कारणाने समजतं. रक्त ऑक्सिजनविरहित का, याचं उत्तर उजव्या जवनिकेत आहे. उत्तर 2.

सलग वाचून हा प्रश्न सुटत नाही असं नाही, पण सुटला तर तो त्या मुलाला शरीररचना आधीच पक्की माहीत असल्यामुळे. पद्धतीची मदत झालेली नसते.

उलट बाजूही आहे. काही प्रश्नांत दुवा एका नजरेत तुटतो आणि तिथे सलग वाचन पुरतं. विधान: शाहू महाराजांनी 1902 साली करवीर संस्थानात नोकऱ्यांमधल्या 50 टक्के जागा मागास वर्गांसाठी राखीव ठेवल्या. कारण: 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्यात आलं. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत, पण पंधरा वर्षांनंतरची घटना आधीच्या निर्णयाचं कारण कशी होईल? इतिहासात साल दिसलं की आधी क्रम बघायचा. हे दहा सेकंदांचं काम आहे.

सलग वाचणारे दुसरीकडे फसतात ते कारण चुकीचं पण शास्त्रीय भाषेत लिहिलेलं असतं तेव्हा. 'बर्फ पाण्यावर तरंगतो' आणि 'गोठताना पाण्याचं आकारमान कमी होतं' ही दोन वाक्यं एका सुरात वाचली की पटून जातात. दुसरं एकटं वाचलं की चूक लगेच दिसते, कारण गोठताना पाणी प्रसरण पावतं. उत्तर 3.

पर्यायांची रचना नीट बघितली तर तोडून तपासण्याचा आणखी एक फायदा दिसतो. वरच्या चार पर्यायांत 'दोन्ही चूक' नाही. म्हणून कारण चूक असल्याची पक्की खात्री झाली, तर विधान न तपासताही उत्तर 3 येतं. विधान चूक आहे हे नक्की असेल तर 4. पण काही पेपरांत 'दोन्ही चूक' हा पर्याय असतो आणि पर्यायांचा क्रमही बदलतो. तिथे हा शॉर्टकट चालत नाही, त्यामुळे पर्याय वाचल्याशिवाय तो लावायचा नाही.

अर्धवट माहितीची किंमतही इथेच कळते. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकलं तर 1 जातो. दोन्ही वाक्यं खरी आहेत हे नक्की, पण दुव्याबद्दल शंका आहे, तर दोनच पर्याय उरतात. तिथे ठोकून दिलं तरी सरासरी दीड गुण पदरात पडतो. चारही पर्याय उघडे ठेवून ठोकलं तर सरासरी पाव गुण. सलग वाचणाऱ्याकडे 'लागतंय' किंवा 'नाही लागत' एवढंच असतं, त्यामुळे एखादा पर्याय खात्रीने खोडता येत नाही.

तोडून तपासण्याची मर्यादा मात्र सांगायला हवी. 'कारण अपुरं आहे की चुकीचं' असा पेच ही पद्धत दर वेळी सोडवत नाही. विधान: गगनबावड्यात शिरोळपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. कारण: गगनबावडा शिरोळपेक्षा उंचावर आहे. दोन्ही खरी. उंचीचा पावसाशी संबंध आहेच, म्हणून पोरं 1 लिहितात. पण महाबळेश्वर आणि पाचगणी बघा. उंची जवळपास सारखी, अंतर वीसेक किलोमीटर, तरी पूर्वेकडच्या पाचगणीत पाऊस फार कमी. म्हणजे नुसती उंची पुरत नाही. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर पाणी सोडतात. शिरोळ त्या माथ्याच्या बरंच पूर्वेला, पर्जन्यछायेच्या बाजूला येतं. माझ्या मते उत्तर 2. पण असा प्रश्न काढणाऱ्यालाही मी थोडा दोष देईन, कारण अपुऱ्या कारणाला 'स्पष्टीकरण नाही' म्हणायचं की नाही हे त्याने सोडवणाऱ्यावर ढकललं आहे. अशा ठिकाणी पाठ्यपुस्तक त्या गोष्टीचं कोणतं कारण देतं ते आठवायचं आणि तेच धरायचं.

वेळेचा हिशेब शेवटी. दहावीच्या पेपरात असे प्रश्न मोजकेच असतात, चुकीबद्दल गुण कापत नाहीत आणि वेळ भरपूर असतो. तिथे प्रत्येक प्रश्न तोडूनच सोडवावा, सलग वाचायचं काहीच कारण नाही. नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात, त्यामुळे तिथे सुरुवातीला ही पद्धत जड जाते. माझा सल्ला असा: सरावात महिनाभर विधानापुढे आणि कारणापुढे पेन्सिलने बरोबर-चूक अशी खूण करायची, आणि दुव्याचा प्रश्न दोन्ही खुणा बरोबर आल्यावरच विचारायचा. पुढे खूण मनातल्या मनात होते. परीक्षेला महिनाही उरला नसेल आणि मुलगा सलग वाचूनच सोडवत आला असेल, तर सगळी सवय मोडू नका. फक्त त्याचं उत्तर 1 येतं तिथेच त्याला थांबवून महाधमनीसारखं एखादं उलट उदाहरण शोधायला लावा.