रिक्रूटरला उत्तर देताना: आधी फोन की आधी तपशील?

लिंक्डइनवर अनोळखी रिक्रूटरचा मेसेज येतो. पदाचं नाव बरं वाटतं, पण बाकी मेसेजात हाताला लागावं असं काही नसतं. साधारण नमुना असा: "तुमची प्रोफाइल पाहिली. आमच्या एका नामांकित क्लायंटकडे सीनियर डेटा अ‍ॅनालिस्टची उत्तम संधी आहे. अपडेटेड सीव्ही पाठवा आणि फोनवर बोलायला कधी जमेल ते कळवा." नाही म्हणायचं नसतं, आणि हो म्हणण्याइतकं काही कळलेलंही नसतं. इथे दोन रस्ते आहेत. एक तर लगेच वेळ द्यायची आणि जे विचारायचं ते फोनवरच विचारायचं. नाहीतर आधी चार ओळी लिहून मोजके तपशील मागवायचे, आणि ते जुळले तरच फोन. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझा कल पुढे कळेलच, पण फोनचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही.

फोनवर माणूस मोकळं बोलतो. एजन्सीचा रिक्रूटर क्लायंटचं नाव सहसा लिहून देत नाही. त्याला भीती असते की तुम्ही परस्पर कंपनीच्या साइटवर अर्ज कराल आणि त्याचं कमिशन बुडेल. तेच नाव बोलताना मात्र तो सहज सांगून टाकतो. काही जागा खरोखरच गुप्त असतात. सध्या त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपण बदलले जाणार आहोत हे ठाऊक नसतं, मग लेखी काही मिळणं अवघडच. शिवाय वेगाचा मुद्दा आहे. एकाच जागेवर अनेक एजन्सी काम करत असतील, तर ज्याची यादी आधी पोहोचते त्याची माणसं आधी पाहिली जातात. रिक्रूटरला घाई असते ती यामुळे, आणि तुम्ही प्रश्नोत्तरांत चार दिवस घालवले तर तो थांबेलच असं नाही.

तरीही माझं मत फिरलं ते एका गोष्टीमुळे: फोनवर प्रश्नांचा क्रम त्यांचा असतो. पहिला फोन ही त्यांच्या दृष्टीने चाळणी आहे आणि समोर एक ठरलेला फॉर्म उघडा असतो. सध्या काय काम करता, का सोडायचंय, नोटीस पीरियड किती, सध्याचा पगार किती, अपेक्षा किती. अर्धा तास मी उत्तरं देतो, आणि शेवटची दोन-तीन मिनिटं उरली की "तुम्हाला काही विचारायचंय का?" मग मी विचारतो की ही नोकरी कंपनीच्या थेट पगारपत्रकावर आहे की मधल्या एखाद्या कंत्राटी कंपनीच्या. त्यावर "हे मी कन्फर्म करून कळवते." पगाराची रेंज? "तीही टीमशी बोलून सांगते." म्हणजे माझा आकडा त्यांच्या नोंदीत गेला, त्यांचा आकडा मात्र माझ्याकडे आलाच नाही. त्या रिक्रूटर बाईंचीही यात फार चूक नसावी. पहिली चाळणी करणाऱ्याकडे जागेचा तपशील अनेकदा खरंच तेवढाच पोचलेला असतो. पण माझा अर्धा तास जातो, तो बहुतेक नोकरीच्या वेळेत कुठेतरी कोपरा शोधून काढलेला असतो, आणि जे उत्तर एका ओळीत मिळालं असतं ते नंतर लेखीच मागावं लागतं. मग आधीच का मागू नये?

लेखी मागण्याला लोक बिचकतात ते रिक्रूटर दुखावेल या भीतीने. इनमेल, म्हणजे ओळखीत नसलेल्या माणसाला लिंक्डइनवरून जाणारा मेसेज, त्याचा हिशोब पाहिला की ही भीती बरीच कमी होते. अनोळखी माणसाला इनमेल पाठवायला पाठवणाऱ्याचं एक क्रेडिट खर्च होतं, आणि तुम्ही ९० दिवसांच्या आत काहीही उत्तर दिलंत, अगदी नकार दिलात, तरी ते त्याला परत मिळतं. त्याच्यासाठी वाईट काय तर शांतता. प्रश्न विचारणारा माणूस निदान जिवंत आहे, आणि त्याला रस आहे.

मात्र लेखीतही दोन प्रकार आहेत आणि त्यातला एक मी सुचवणार नाही. काही जण आठ-दहा प्रश्नांची क्रमवार यादी पाठवतात: टीम किती जणांची, मॅनेजर कोण, बढती कधी, प्रशिक्षण काय, जागा नवी की कोणी सोडून गेलंय. प्रश्न सगळे रास्त आहेत, पण रिक्रूटर ते मोबाइलवर वाचतो आणि "नंतर निवांत उत्तर देऊ" म्हणून बाजूला ठेवतो. ते नंतर येत नाही. माझी कसोटी साधी आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मावतं आणि ते आपल्याला जुळलं नाही तर विषय तिथेच संपतो, तेवढाच प्रश्न लिहून विचारायचा. मॅनेजरचा स्वभाव, आधीचा माणूस का गेला, कामाचा ताण किती, हे बोलताना आवाजातल्या अडखळण्यावरून जास्त कळतं. ते फोनसाठी राखून ठेवावं.

या कसोटीतून माझ्याकडे तीनच प्रश्न उरतात: मालक कोण आणि पगार कोणाकडून, पगाराची रेंज, आणि काम कुठे बसून करायचं. वरच्या मेसेजला माझं उत्तर साधारण असं जाईल:

"नमस्कार, संपर्क केल्याबद्दल आभार. जागेत रस आहे. बोलण्याआधी तीन गोष्टी कळल्या तर दोघांचाही वेळ वाचेल: कंपनी कोणती आणि नेमणूक थेट तिच्याकडे आहे का, या जागेसाठी ठरलेली पगाराची रेंज काय, आणि ऑफिसात आठवड्यातून किती दिवस यावं लागेल. जॉब डिस्क्रिप्शन असेल तर तेही पाठवा. हे जुळत असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर बोलू शकतो."

यात शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं असं मला वाटतं. नुसते प्रश्न विचारले की माणूस चौकशी करून पळणारा वाटतो; वेळ देऊन ठेवली की रिक्रूटरला पुढची पायरी दिसते आणि उत्तर शोधून आणायला कारण मिळतं. "रस आहे" हे सुरुवातीलाच सरळ लिहावं. "संधी आकर्षक वाटल्यास विचार करेन" असल्या भाषेने दोन्हीकडचा उत्साह मावळतो. आणि सीव्ही जोडत नाही, हे मुद्दाम.

सीव्हीचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं. एजन्सीने तुमचा सीव्ही क्लायंटला पाठवला की त्या कंपनीसाठी तुम्ही त्या एजन्सीचे उमेदवार ठरता, आणि ही मालकी करारानुसार काही महिने चालू शकते. उद्या दुसऱ्या एजन्सीने तुम्हाला त्याच कंपनीसाठी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर एकाच माणसाचा सीव्ही दोन दारांनी आत जातो. कमिशन कोणाचं यावर वाद होतो, आणि अनेक कंपन्या त्या वादात पडण्यापेक्षा उमेदवारच बाजूला ठेवतात. नाव न कळता सीव्ही दिला तर आपण कुठे कुठे पोचलो आहोत हे आपल्यालाच सांगता येत नाही. म्हणून नाव गुप्त आहे असं उत्तर आलं तर मी उद्योग आणि कंपनीचा साधारण आकार विचारतो आणि एक ओळ जोडतो: "नाव सांगून माझी लेखी संमती घेतल्याशिवाय माझा सीव्ही पुढे पाठवू नका." चांगला रिक्रूटर याला लगेच हो म्हणतो, कारण दुहेरी सीव्हीचा फटका त्यालाही बसतो.

आता उत्तरं कशी येतात ते. तिन्ही प्रश्नांना ओळीने उत्तर आलं तर काम सोपं. माझ्या अनुभवात बऱ्याचदा दोन मिळतात आणि पगार राहतो, किंवा "अनुभवानुसार, उत्तम" असं येतं. अनुभवानुसार हे खरं असलं तरी वरची मर्यादा कुठेतरी मंजूर झालेली असतेच. तेव्हा मी एकदाच, फक्त तेवढंच परत विचारतो: "या जागेसाठी मंजूर झालेली वरची मर्यादा अंदाजे सांगितली तरी चालेल." त्यावर उलटा प्रश्न येतो, तुमचा सध्याचा पगार किती? इथे अडवून धरण्यापेक्षा मी लिहितो, "तुमची रेंज कळली की जुळतंय की नाही हे त्याच दिवशी सांगतो." रेंज विचारणं आता काही आगाऊपणाचं राहिलेलं नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशात मुलाखतीआधी उमेदवाराला रेंज कळावी आणि आधीचा पगार विचारू नये, असंच म्हटलं आहे. तुमच्याकडे तसा नियम नसेल, पण प्रश्न तोच आहे.

दुसऱ्यांदाही टाळाटाळ झाली तर मी तो धागा तिथेच सोडतो. जॉब डिस्क्रिप्शनच्या नावाखाली दोन पानं यावीत आणि त्यात एकही टूल, एकही टीम, कोणाला रिपोर्ट करायचं याचा एकही शब्द नसावा, हेही मला उत्तरच वाटतं. अशी जागा बहुधा अजून ठरलेली नसते, किंवा रिक्रूटर नुसते सीव्ही गोळा करून ठेवत असतो.

फोन आधी केव्हा घ्यावा? मेसेज कंपनीच्याच रिक्रूटरकडून आला असेल, म्हणजे रिक्रूटरच्या प्रोफाइलवर त्याच कंपनीचं नाव असेल आणि जागा कंपनीच्या साइटवरही दिसत असेल, तर माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालेलं असतं. रेंजही जाहिरातीत असेल तर लिहायला काही उरतच नाही. सरळ वेळ द्यावी. फार वरच्या पदांसाठी शोध घेणाऱ्या फर्मचा माणूसही लेखी फारसं देणार नाही, तिथे माझा आग्रह मी सोडतो. आणि तुम्ही सध्या नोकरीविना असाल तर वेगाचं पारडं जड होऊ शकतं. मी हे सगळं नोकरीत असताना केलेलं आहे, त्यामुळे थांबण्याची किंमत मला फारशी मोजावी लागली नाही.

"लिहिता येणार नाही, फोनवरच सांगते" असं कोणी नम्रपणे म्हटलं तर मी दहा मिनिटांचा फोन घेतो, पण क्रम बदलून. नमस्कार झाला की पहिलं वाक्य माझं: "सुरुवात त्या तीन प्रश्नांनी करूया का?" आणि फोन संपल्यावर त्याच मेसेजच्या धाग्यात लिहून टाकतो, "आत्ता बोलल्याप्रमाणे कंपनी अमुक, नेमणूक थेट, रेंज अमुक ते अमुक, ऑफिसात तीन दिवस. काही चुकलं असेल तर सांगा." त्यावर "बरोबर" एवढं आलं, की सीव्ही पाठवतो.