थंड की कोमट? हीटरवाल्या मशीनबरोबर उन्हाळा ते हिवाळा

नागपुरात आमच्या घरी हीटर असलेलं फ्रंट लोड मशीन एप्रिलमध्ये आलं. आता जानेवारी सरत आलाय, म्हणजे दोन्ही टोकांचं पाणी त्यानं पाहिलंय. आवाज, स्पिन वगैरे ठीक आहे, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचंय ते तापमानाच्या बटणाबद्दल: थंड, ३०, ४०, ६०.

उन्हाळाभर सगळे कपडे ‘थंड’वर धुतले आणि शर्टाच्या कॉलरी छान निघाल्या. डिसेंबरात तेच शर्ट, तीच पावडर, पण कॉलरीवर पिवळट पट्टा राहू लागला. काळ्या पॅन्टींवर पावडरचे पांढरे ओघळही दिसले, म्हणून मग लिक्विडवर आलो. मशीन बिघडलं नव्हतं. ‘थंड’ म्हणजे फक्त हीटर बंद, नळातून येईल तसं पाणी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं आणि डिसेंबरात सकाळी बोटं बधिर करतं. म्हणजे उन्हाळ्यात मी नकळत कोमट पाण्यातच धूत होतो.

कॉलरीवरचा मळ म्हणजे मुख्यतः त्वचेचं तेल. ते अंगाच्या उष्णतेला मऊ असतं, गार पाण्यात मेणासारखं घट्ट होऊन धाग्यांना धरून बसतं. साबणाला ते सुटं करता येत नाही, आणि डिटर्जंटमधली एन्झाइम्सही गार पाण्यात मंदावतात. ४० वर टाकलं की पट्टा जातो. मग ६० वर अजून चांगलं निघेल का? शर्टांना तरी मला फरक दिसला नाही, रंग मात्र लवकर फिके पडले. विजेचा हिशेबही सोपा आहे. १५ लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला साधारण पाव युनिट लागतं, ६० वर न्यायला दुपटीहून जास्त. त्यामुळे ६० फक्त पांढऱ्या सुती चादरी, टॉवेल आणि आजारी माणसाच्या कपड्यांना.

उलटा नियम रक्त, दूध आणि अंड्याच्या डागांना. त्यातलं प्रथिन उष्णतेनं गोठून धाग्यात पक्कं बसतं, म्हणून हे डाग आधी गार पाण्यात भिजवायचे.

सुती कपडा आटतो त्याचा सगळा दोष गरम पाण्यावर टाकतात, ते अर्धंच खरं. विणताना आणि फिनिशिंगला कापड ताणलेलं असतं. पाणी लागलं की धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड मूळ मापावर येतं. गरम पाणी आणि आपटणं हे काम लवकर उरकतात, इतकंच. हातमागाचा एक नवा कुर्ता मापून पाहिला. उंची ४२ इंच होती, थंड पाण्यातल्या पहिल्याच धुण्यात ४१ झाली. नंतर ४० वर धुतला तरी तो तिथेच राहिला. म्हणून आता नवं सुती कापड शिवायला देण्याआधी भिजवून वाळवतो. ड्रायर मात्र वेगळा प्रकार आहे, त्यात तयार कपडेही अजून आटतात.

रंगाचं म्हणाल तर नव्या गडद सुती कपड्यात धाग्याला न चिकटलेला जास्तीचा रंग असतो, आणि गरम पाण्यात तो भराभर सुटतो. ओळखायची रीत: आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून चोळा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा वेगळा आणि थंड पाण्यात. जीन्सची गोष्ट निराळी. तिची नीळ धाग्याच्या वरच्या थरावर असते आणि घासल्यानं जाते, त्यामुळे पाणी गार ठेवून उपयोग थोडाच. उलटी करून छोट्या सायकलवर धुतली की फरक पडतो.

पॉलिस्टरचा रंग सहसा पक्का, आटण्याचीही भीती नाही, पण हा धागा तेल धरून ठेवतो. मुलाचे खेळाचे टी-शर्ट थंड पाण्यातून निघाल्यावर बरे वाटायचे, अंगात घालून तासभर झाला की जुना वास परत. ४० वर धुतल्यावर वास गेला. त्यापुढे गेलात तर धागा मऊ पडतो आणि स्पिनमध्ये पडलेल्या सुरकुत्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत.

लोकरीला मात्र मशीनचं गरम पाणी नकोच. धाग्यावर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटरचा नमदा होतो, तो परत सुटत नाही. मशीनच्या लोकरीच्या प्रोग्रॅमवर ड्रम जेमतेम हलतो, त्यामुळे साधे स्वेटर त्यात निभावतात. हातानं विणलेले मी बादलीत धुतो, खळबळायचं पाणीही त्याच उबेचं ठेवतो आणि आडवे पसरून वाळवतो. रेशमी ओढण्या थंड पाण्यात, सौम्य लिक्विडनं, हातानंच. पैठणी थेट ड्रायक्लीनला.