मार्क नॉर्मल आहेत का? हिस्टोग्राम की क्यूक्यू प्लॉट

झेड-स्कोअर म्हणजे मार्क सरासरीपासून किती एसडी दूर आहे ते; त्यावरून नॉर्मल टेबलने पर्सेंटाइल काढायचं तर मार्क नॉर्मल हवेत, म्हणून आधी बरेच जण हिस्टोग्राम बघतात, घंटा दिसली की खुश. पण 40 मुलांच्या वर्गात बिनची, म्हणजे मार्कांच्या प्रत्येक गटाची, रुंदी 10 वरून 5 केली की तीच घंटा मोडते, मग विश्वास कशावर ठेवायचा?

क्यूक्यू प्लॉटमध्ये बिनच नसतात. मार्क चढत्या क्रमाने लावायचे, प्रत्येकासमोर नॉर्मलचा अपेक्षित क्वांटाइल, म्हणजे मार्क नॉर्मल असते तर त्या क्रमांकावर आली असती ती किंमत, आडव्या अक्षावर क्वांटाइल, उभ्यावर मार्क, आणि बिंदू साधारण सरळ रेषेत आले तर ठीक.

समजा पेपर 100 चा, सोपा होता, सरासरी 78, एसडी 15. इथे वरच्या टोकाचे बिंदू 100 वर आडवे सपाट होतात, कारण त्यापुढे मार्कच नाहीत. शंभरचा झेड 1.47 येतो आणि नॉर्मल टेबल म्हणतं 93 पर्सेंटाइल, म्हणजे 7% मुलं शंभरच्या वर, जे शक्यच नाही! झेडचं गणित बरोबरच असतं, चुकतं ते टेबल लावणं, तेव्हा सरळ क्रमवारीवरून पर्सेंटाइल काढा.

माझं मत क्यूक्यूलाच, फक्त कमी मुलं असतील तर टोकाचे एक-दोन बिंदू हलणारच, त्यावरून लगेच निकाल देऊ नका. दोन गटांचे दोन उंचवटे मात्र हिस्टोग्राममध्ये पटकन दिसतात.